आप्पांचा वैश्वदेव

"आई, ताटात भात टाकला की तू ओरडतेस. मग पणजोबा रोज भात आगीत का टाकायचे? आणि आग तो नेते तरी कुठे?"

प्रिय ईरा,

लागलं गं थोडं. कारण या ताटावरून ओरडणं माझं नाही, ते आप्पांकडूनच आलंय. पानात शीत उरलं की ते बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. आणि तेच आप्पा रोज दुपारी जेवणाआधी विस्तवात भात घालायचे, वैश्वदेव म्हणतात त्याला.

गुहागरचं घर तू पाहिलंयस, पण स्वयंपाकघराला लागून जिथे आता फ्रीज आहे ना, तिथे त्यांचा पाट असायचा. समोर तांब्याचं चौकोनी कुंड, परडीएवढंसुद्धा नाही. आजी चुलीतला विस्तव उलथन्यावर आणून त्यात घालायची, वर शेणीचे तुकडे. मग वाडग्यात मीठ न घातलेला, वर तूप सोडलेला भात. माझं काम शेण्या आणायचं. पावसाळ्यात त्या चुलीवरच्या फळीवर ठेवलेल्या असत, तरी आगोट उलटली की दमट व्हायच्याच. मग नुसता धूर. माईकाकू म्हणायची, नारळाचं सोडण घाला, भडकेल पटकन. आप्पा मान हलवायचे आणि फुंकणी घेऊन बसायचे. धुरात आहुती द्यायची नाही, ज्वाळ उठली पाहिजे. घाई केली तर काय होतं ते मी पाहिलंय: भात पेटतच नाही, राखेत पांढराच्या पांढरा बसून राहतो. नीट पेटलेल्या विस्तवावर तुपाचा चर्र आवाज येतो, शितं आधी तांबूस होतात, मग काळी. आप्पा ती जळेपर्यंत बघत राहायचे.

किती भात जायचा म्हणशील, तर दुपारच्या दहा आहुती, प्रत्येक आवळ्याएवढी. तळवा वर, बोटं जुळवलेली, आणि अंगठ्याने भात पुढे सारायचा. पहिली सूर्याला, दुसरी प्रजापतीला, मग सोम वनस्पती, अग्नी आणि सोम, इंद्र आणि अग्नी, आकाश आणि पृथ्वी, धन्वंतरी, इंद्र, सगळे देव मिळून, आणि शेवटी ब्रह्म. संध्याकाळी पहिली सूर्याऐवजी अग्नीला. दर वेळी 'सूर्याय स्वाहा' म्हणून लगेच 'सूर्याय इदं न मम', म्हणजे हे सूर्याचं, माझं नाही. मग कुंडाबाहेर जमिनीवर थोडा भात, कावळ्याला, कुत्र्याला, मुंग्यांना. आणि एवढं झाल्यावरही पानावर बसायचं नाही. गाईची धार काढायला जितका वेळ लागतो तितका वेळ ओटीवर थांबून कुणी आलंय का बघायचं. आम्ही पोरं भुकेने कळवळायचो. बहुतेक वेळा कुणी नसायचंच, पण कधी पोस्टमन, कधी माडावर चढणारा गडी यायचा, आणि तो जेवूनच जायचा.

आता नेते कुठे. मला याची तीन उत्तरं माहीत आहेत आणि ती एकमेकांना धरून नाहीत. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात म्हटलंय की ज्या यज्ञाला अग्नी चहूकडून वेढतो तोच देवांकडे जातो. बाकीचं पोहोचत नाही. मनुस्मृतीत वाट आणखी लांब आहे: अग्नीत नीट टाकलेली आहुती सूर्याकडे जाते, सूर्यापासून पाऊस, पावसापासून अन्न, अन्नापासून माणसं. शाळेत असताना मी आप्पांना विचारलं होतं की आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो काय आपल्या दहा घासांनी? आणि मराठवाड्यातले वैश्वदेव करणारे कोरडेच का राहतात? ते हसले. उत्तर दिलं नाही. मला ते आवडलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही आवडत नाही.

तिसरं उत्तर मात्र ऐकण्यासारखं आहे. आहुती देताना एखादं शीत कुंडाबाहेर पडलं की आप्पा ते उचलून परत विस्तवात टाकायचे नाहीत. "राहू दे, ते भावांचं." कुणाचे भाऊ? अग्नीचे. तैत्तिरीय संहितेतली गोष्ट आहे. अग्नीला तीन थोरले भाऊ होते. देवांकडे हवी, म्हणजे आहुतीचं अन्न, वाहून नेता नेता ते मेले. आता पाळी आपली, म्हणून अग्नी घाबरला आणि पाण्यात जाऊन लपला. देव शोधत आले तेव्हा माशाने चुगली केली. अग्नीने माशाला शाप दिला की लोक तुला वाटेल तेव्हा मारतील. (ही गोष्ट आप्पा खाली बंदरावर कोळ्यांनाही सांगायचे. त्यांना माशाची बाजू जास्त पटायची.) देव म्हणाले, चल, परत ये, आमची हवी ने. अग्नी म्हणाला येतो, पण आहुती देताना जे कडेच्या समिधांबाहेर सांडेल ते माझ्या भावांना मिळालं पाहिजे. देव कबूल झाले.

म्हणजे वाहणारा खुशीने वाहत नाहीये. हे मला लहानपणी फार विचित्र वाटलं होतं, देवाला ओझ्याची भीती. आज वाटतं, रोज ते काम करवून घेणाऱ्यांनीच ही गोष्ट जपली, हे बरं केलं.

आणि एक गोष्ट माझ्या मनात अजून खुपते. शेण्या मी आणायच्या, फुंकणी मी पुसायची, पण आहुतीला बसवलं ते तुझ्या मामाला, मुंज झाल्यावर. मला कधीच नाही. पुढे केव्हातरी आश्वलायन गृह्यसूत्रात वाचलं, जे आप्पांचं स्वतःचं सूत्र, की घरच्या अग्नीची सेवा स्वतः करावी, नाहीतर बायकोने, मुलाने, कुमारी मुलीने किंवा शिष्याने. मुलगी तिथे स्पष्ट लिहिली आहे. ते वाक्य अग्नी राखण्याबद्दल आहे, वैश्वदेवाबद्दल नव्हे, असं आप्पा म्हणाले असते, आणि ते चुकीचंही नाही. पण तोवर ते गेले होते, त्यामुळे भांडायला कुणी उरलं नव्हतं.

मग मी इथे का करत नाही? उदबत्ती लावली तरी आपला अलार्म कोकलतो, हे एक. दुसरं म्हणजे ते तसं पोहोचतं असं मला वाटत नाही, आणि नुसतं आठवणीपोटी केलं तर आप्पांना ते नाटक वाटलं असतं. तुला करावंसं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाहीये हो. तू भाताचं विचारलंस. तो वाया जात होता का? आवळ्याएवढे दहा घास, जळेपर्यंत त्याच्याकडे बघणारा माणूस, आणि आधी दुसऱ्याला वाढून मग बसणारं घर. माझं मत, नाही जात. आग तो कुठे नेत होती हे तुझं तू ठरव.

कुंड नंदाआत्याकडे चिपळूणला आहे. तिला दहाही नावं क्रमाने पाठ आहेत, मी धन्वंतरीच्या पुढे अडखळते. ऐकायची असतील तर रविवारी तिला फोन कर, पण आपल्या सकाळी लवकर, तिची दुपारची झोप मोडू नकोस.

तुझी,
आई