एम्ब्रियोचा रिपोर्ट चांगला आला, मग पोटातल्या बाळाची परत टेस्ट का?

"मॅडम, थोरली मुलगी थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. दुसऱ्या वेळी तसं नको म्हणून आयव्हीएफ केलं, एम्ब्रियोची जेनेटिक टेस्ट केली, रिपोर्ट चांगला होता तोच ठेवला. आता दहावा आठवडा लागलाय आणि डॉक्टर म्हणतात परत टेस्ट करा. मग आधीची टेस्ट खोटी होती का? बाळ शंभर टक्के निरोगी आहे असं कोणीच का सांगत नाही?"

मालवणजवळच्या गावातली ही जोडी, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत. ती बोलत होती तेव्हा नवरा शेजारी फाइल मांडीवर घेऊन गप्प बसलेला, आणि शेवटी एवढंच म्हणाला, "मगे ह्यां सगळां कित्याक केलां आम्ही?" त्याचा राग मला अगदी समजत होता, कारण लॅबच्या कामासाठी मुंबईच्या किती फेऱ्या झाल्या ते मला माहीत होतं.

मी आधी फाइलमधला एम्ब्रियोचा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. तेरा अंडी निघाली होती, नऊ फळली, त्यातले सहा एम्ब्रियो पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत वाढले. त्या सहांच्या थोड्या पेशी काढून तपासायला पाठवल्या आणि एम्ब्रियो फ्रीझ करून ठेवले. रिपोर्टमध्ये एकात आईबाबा दोघांकडचा दोष आला, म्हणजे थोरलीसारखाच. एकाचं निदानच झालं नाही. तीन मायनर, म्हणजे एकाच बाजूचा दोष, जसे हे नवराबायको स्वतः आहेत. आणि एक पूर्ण स्वच्छ. हा स्वच्छ बघून दोघं किती खूश झाले होते, पण त्याच पेशींवर क्रोमोझोमची मोजणीही केली होती आणि नेमक्या त्यातच एक क्रोमोझोम जास्त निघाला. मायनरपैकी एकातही क्रोमोझोमची गडबड होती. म्हणजे सहातून ठेवण्यासारखे उरले दोन, दोन्ही मायनर. पहिला रुजला नाही, दुसरा रुजला.

इथे दोन वेगळ्या टेस्ट आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. थॅलेसेमियासारखा एक ठरावीक आजार शोधते ती पीजीटी-एम, तिला आधी माहीत असावं लागतं की घरात नेमकं कुठलं म्युटेशन आहे. क्रोमोझोम कमीजास्त आहेत का बघते ती पीजीटी-ए, डाऊन सिंड्रोमसारख्या गोष्टी तिच्यात कळतात. फक्त पीजीटी-ए करून थॅलेसेमिया कळत नाही, आणि ही चूक मी प्रत्यक्ष बघितली आहे, "जेनेटिक टेस्ट झालीय" एवढ्यावर लोक निर्धास्त होतात. तुमच्या रिपोर्टवर दोन्हींची नावं आहेत का, आणि म्युटेशनचं नाव लिहिलंय का, एवढं तरी बघाच.

आता चूक कुठे राहू शकते. पाच दिवसांचा एम्ब्रियो म्हणजे शंभरावर पेशींचा गोळा, त्यातल्या साधारण पाच ते दहा पेशी लेझरने काढतात, आणि त्याही बाहेरच्या थराच्या, ज्या थराची पुढे वार होते. बाळ ज्या आतल्या पेशींपासून होतं त्यांना हातच लावत नाहीत, म्हणजे नारळाच्या सोडणावरून आतल्या खोबऱ्याचा अंदाज घेतल्यासारखं. थॅलेसेमियाचं म्युटेशन आईबाबांकडून आलेलं असल्याने सगळ्याच पेशींत सारखं असतं, त्यामुळे तिथे हे चालतं. क्रोमोझोमचं तसं नाही, बाहेर एक आणि आत वेगळं असं होऊ शकतं.

थॅलेसेमियात खरी अडचण वेगळी आहे. एवढ्याशा पेशींतलं डीएनए इतकं कमी असतं की आधी त्याच्या खूप कॉपी काढाव्या लागतात, आणि कॉपी काढताना कधीकधी आईकडची किंवा बाबांकडची एक बाजू उमटतच नाही. या जोडीत दोघांचं म्युटेशन वेगवेगळं आहे. समजा एम्ब्रियोत दोन्ही आली होती पण बाबांची बाजू उमटलीच नाही, तर तो रिपोर्टमध्ये "मायनर" दिसणार, आणि आहे मात्र मेजर. आणि पोटात ठेवलेला एम्ब्रियो मायनरच होता. म्हणून डॉक्टर परत टेस्ट सांगत होते.

हे टाळायला लॅब फक्त म्युटेशनच्या जागेवर अवलंबून राहत नाही, त्याच्या आजूबाजूच्या डीएनएच्या खुणाही बघते, कुठल्या खुणा दोषी बाजूच्या ते घरातल्या रक्तावरून आधीच ठरवते. थोरलीचं रक्त सुरुवातीला मागितलं होतं ते याचसाठी. तिला वाटलं होतं मुलीला उगाच परत सुई टोचली, मी सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे तिच्या रक्तामुळेच हे जमलं?" हो, अगदी तसंच. त्यामुळे चुकीची शक्यता खूप कमी होते, पण शून्य होत नाही.

अजून एक गोष्ट मी त्यांना बाजूला घेऊन विचारली, एम्ब्रियो ठेवला त्या महिन्यात संबंध आले होते का. नैसर्गिक सायकलमध्ये ठेवला असेल तर तिचं स्वतःचं अंडंही त्याच महिन्यात सुटलेलं असतं, आणि मग वाढतंय ते न तपासलेलं बाळ असू शकतं. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून इथे स्पष्ट लिहिते. यांचा तसा प्रश्न नव्हता.

शंभर टक्के निरोगी का सांगत नाही, तर टेस्ट बघते ते घरातलं ठरावीक म्युटेशन आणि क्रोमोझोमचा हिशोब. हृदयातलं छिद्र, फाटलेला ओठ, ऑटिझम, दुसरे शेकडो जनुकीय आजार हे तिच्यात येतच नाहीत, म्हणून अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी कोणालाच चुकत नाही. आणि सासूबाईंनी निघताना "झील काय चेडू तां पण कळला आसतला मा?" असं विचारलं, तर मुलगा की मुलगी ते कायद्याने सांगता येत नाही, एम्ब्रियोच्या टेस्टमध्येही नाही. पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीपासून गर्भधारणेआधीच्या टेस्टही त्यात आहेत.

परत टेस्टचे दोन रस्ते सांगितले. अकरा ते चौदा आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घ्यायचा, किंवा पंधरा-सोळा आठवड्यांनंतर पिशवीतलं पाणी काढायचं. गर्भपाताचा धोका अनुभवी हातात शंभरात एकापेक्षा कमी. पण ज्या बाईने एवढं सोसून हे बाळ मिळवलंय तिला तो एकही मोठाच वाटतो, आणि टेस्ट न करता जन्मापर्यंत थांबायचा हक्कही तिचाच. मी दोघांना घरी जाऊन एकमेकांशी बोला म्हटलं. दोन दिवसांनी तिचाच फोन आला, "वारेची करूया, पाण्यापर्यंत थांबायला नको, माझी रात्रीची झोप गेलीय."

बाराव्या आठवड्यात तुकडा घेतला. रिपोर्ट आला, मायनर, आईकडचंच म्युटेशन, एम्ब्रियोच्या रिपोर्टशी तंतोतंत जुळणारा. नवऱ्याने तो तिथेच उभ्याने दोनदा वाचला. तिने विचारलं, जन्मल्यावर रक्त तपासून परत खात्री करू का, मी म्हटलं लगेच नको, नवजात बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे मायनरपणा नीट दिसत नाही, वर्षानंतर बघा. तिने ते फाइलच्या मागच्या पानावर पेनने लिहून घेतलं, त्याच्या वर थोरलीच्या पुढच्या रक्ताची तारीख होती.