पद गेलं, तू नाहीस

प्रिय,

तू पाठवलेली प्रोफाइल समरी काल रात्री दोनदा वाचली. नऊ वाक्यं आहेत, त्यांतली पाच नोकरी कशी गेली याबद्दल. पेमेंट ॲपच्या टेस्टिंगमधली तुझी साडेपाच वर्षं उरलेल्या चार वाक्यांत कोंबली आहेत. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, कारण काम तुझं चांगलं आहे आणि ते तूच झाकून टाकलं आहेस.

नोकरी गेल्याला एकच वाक्य मिळेल. त्या वाक्यात पद हा कर्ता असेल, तू नाही. आणि ते शेवटाकडे येईल. यावर मी वाद घालणार नाही.

तुझं पहिलंच वाक्य घेऊ. ‘दुर्दैवाने, व्यवस्थापनाच्या चुकीच्या निर्णयांमुळे, माझी कामगिरी उत्कृष्ट असूनही मला अचानक कमी करण्यात आलं.’ यातलं ‘दुर्दैवाने’ वाचणाऱ्याकडे दया मागतं, आणि भरती करणाऱ्याला दया दाखवायची नसते, जागा भरायची असते. ‘चुकीच्या निर्णयांमुळे’ हे कितीही खरं असलं तरी वाचणारा त्यातून एवढंच घेतो की उद्या ही आमच्याबद्दलही असंच लिहील. ‘उत्कृष्ट असूनही’ हा सगळ्यात महाग पडणारा शब्दप्रयोग आहे. तुझ्या कामगिरीबद्दल कुणाला शंका नव्हती, ती तू स्वतः उभी केलीस. ‘अचानक’मध्ये तक्रार आहे. आणि ‘मला कमी करण्यात आलं’ म्हटलं की वाक्याच्या मधोमध तू उभी राहतेस, म्हणजे घडलं ते तुझ्यात काहीतरी कमी असल्यामुळे, असा वास येतो.

आता तीच गोष्ट अशी लिही: ‘मे 2025 मध्ये कंपनीने पुण्यातली संपूर्ण टेस्टिंग टीम बंद केली, त्यात माझं पदही संपलं; लगेच रुजू होऊ शकते.’ इंग्रजीत लिहिताना रचना हीच ठेव. ‘पोझिशन एलिमिनेटेड’ चालेल, ‘रोल अफेक्टेड बाय रीस्ट्रक्चरिंग’ चालेल. ‘आय वॉज टर्मिनेटेड’ कधीच नको, कारण एचआरच्या बोलीत त्या शब्दाला शिस्तभंगाचा किंवा नापास झाल्याचा रंग असतो. ‘नुकतंच’ही नको. चार महिन्यांनी तो शब्द शिळा होतो, महिना आणि वर्ष होत नाही.

या वाक्यातला ‘संपूर्ण टेस्टिंग टीम’ हा भाग बघ. तुझी बाजू मांडायचं सगळं काम तो एकटा करतो. सगळी टीम गेली म्हटल्यावर तुझ्या कामगिरीचा प्रश्नच उठत नाही, आणि तुला एक विशेषणही वापरावं लागत नाही. पण हे खरं असेल तरच. चाळीस जणांतून तिघांनाच काढलं असेल तर आकडा लिहू नकोस, ‘पुनर्रचनेत पद संपलं’ एवढ्यावर थांब. आणि कामगिरीच्या कारणावरूनच, सुधारणेची मुदत देऊन कुणाला काढलं असेल, तर त्या माणसाने हे वाक्य वापरूच नये. त्याने समरीत काहीच लिहू नये, विचारल्यावर खरं सांगावं. तुझं प्रकरण तसं नाही, म्हणून तुला हे वाक्य मिळतं आहे.

जागेबद्दल. समरी चार वाक्यांची कर. पहिल्यात तू कोण आणि अनुभव किती वर्षांचा. दुसऱ्यात मोजता येईल असं एक काम: तुझं ते रिग्रेशन टेस्टिंग, जे तीन दिवसांवरून सहा तासांवर आलं. ते तू आठव्या वाक्यात पुरून ठेवलं आहेस! तिसऱ्यात कोणत्या प्रकारचं काम हवं आहे. चौथं वाक्य पद संपल्याचं आणि उपलब्धतेचं. नोकरी डॉट कॉमवर हेडलाइनला 250 अक्षरं मिळतात, तिथे या विषयाचं एक अक्षरही नको. समरीला तिथे 1000 अक्षरं मिळतात, ही चार वाक्यं त्यात आरामात बसतात. लिंक्डइनच्या अबाउटमध्ये 2600 अक्षरांची मुभा आहे, पण उघडल्यावर पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं क्लिक केल्यावर. त्या ओळींत कंपनीचं दुखणं दिसलं तर क्लिक होणार नाही.

तारखेचंही सांगते, कारण जुन्या नोकरीच्या शेवटच्या तारखेच्या जागी तू ‘आजतागायत’ तसंच ठेवलं आहेस. ते आजच काढ. पडताळणी करणारी संस्था रिलीव्हिंग लेटर मागते आणि पीएफच्या नोंदीत कंपनीने भरलेली सोडल्याची तारीखही दिसते. नोकरी जाणं हा गुन्हा नाही, पण चुकीची तारीख हे खोटं बोलणं ठरतं, आणि हातात आलेली ऑफर त्यावर परत जाऊ शकते.

आता अवघड भाग. तू लिहिलं आहेस की त्यांनी तुझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. हे आपल्याकडे सर्रास होतं, आणि मग कागदावर ‘राजीनामा दिला’ आणि प्रोफाइलमध्ये ‘ले-ऑफ’ असे दोन शब्द एकमेकांसमोर उभे राहतात. म्हणूनच पदाला कर्ता कर म्हणते. ‘पद संपलं’ हे वाक्य राजीनाम्याच्या कागदाशीही भांडत नाही, कारण पद खरोखरच संपलं आहे. (ले-ऑफ हा शब्दही आपल्या कायद्यात वेगळा आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याचा अर्थ काम तात्पुरतं न देणं असा होता, कायमचं काढण्याला छाटणी म्हणत. बोलताना वापर, समरीत नको.) अर्जात सोडण्याचं कारण विचारलं तर ‘राजीनामा, कंपनीच्या पुनर्रचनेमुळे’ असं लिही. त्याआधी जुन्या एचआरला मेल करून विचार: पडताळणीसाठी फोन आला तर तुम्ही कोणतं कारण सांगाल? उत्तर लेखी घे आणि जपून ठेव. आणि सही केलेला करार काढून वाच. त्यात कंपनीबद्दल वाईट न बोलण्याचं कलम असेल तर तुझी ती पाच वाक्यं फुल अँड फायनलच्या पैशांनाही धोका आहेत.

तुला वाटेल मी कंपनीची बाजू घेते आहे. नाही. त्यांनी केलं ते वाईटच केलं, आणि तुझा राग मला कमी करायचा नाही. तो मला फोनवर सांग, घरी सांग, वकिलाला सांग. समरी ही त्याची जागा नाही, कारण ती वाचणारा माणूस त्या भांडणात नव्हता आणि त्याच्यासमोर अजून शंभर प्रोफाइल उघडे आहेत. हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून इतकी अडून बसते. पद गेलं असं लिही. तू गेलीस असं लिहू नकोस.

नवी ऑफर स्वीकारलीस की त्याच दिवशी हे वाक्य पुसून टाक, त्याचं काम तिथे संपतं. आणि सहा महिने होऊनही शोध चालूच असेल, तर पद संपल्याचा भाग पाच-सहा शब्दांवर आण आणि मधल्या काळात केलेलं काम, कोर्स असेल तर त्याचं नाव, त्याच्या पुढे ठेव.

गुरुवारपर्यंत चार वाक्यांची नवी समरी पाठव. सोबत रिलीव्हिंग लेटरमधलं सोडण्याच्या कारणाचं वाक्य जसंच्या तसं उतरवून पाठव, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.

तुझी,
ताई