गादी ‘मध्यम कडक’ लिहू नको, भाऊ

तू विकायला ठेवलेल्या गादीचं वर्णन वाचलं. ‘मध्यम कडक, ६ इंच, प्रीमियम फोम’ एवढ्यावरून राळेगावकडच्या खेड्यातल्या माणसाला काय समजणार? त्याची पाठ जन्मभर कापसाच्या गादीवर गेलेली. तीच मोजपट्टी धर. ‘नव्याने पिंजलेल्या गादीपेक्षा मऊ, कुशीवर झोपलं की खांदा इंचभर रुततो, पाठीवर झोपल्यावर कंबर खाली जात नाही.’ हे स्वतः झोपून पाहा, मग लिही. झोपणाऱ्याचं वजनही सांग, कारण ५० किलोच्या माणसाला जी गादी कडक लागते, ती ९० किलोच्याला मऊ वाटते.

जाडी फोडून लिही: खाली ४ इंच कडक फोम, वर २ इंच मेमरी फोम. फोमची घनता म्हणजे कडकपणा नव्हे, ती टिकाऊपणाची खूण. ही गल्लत जुने दुकानदारही करतात. मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत घट्ट होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तो गरमही वाटतो, हे लपवलंस तर गादी परत येईलच.

उशीची उंची दाबल्यावर किती उरते, तेही लिही.

चाचणीच्या अटीत मी एकदा फसलो. ‘३० रात्री वापरून परत करा’ लिहिलं, पण गाडीभाडं कोणाचं ते लिहिलं नाही. गुंडाळून आलेली गादी एकदा फुगली की घरी पुन्हा तशी गुंडाळता येत नाही, म्हणून अख्खा टेम्पो लागला. भाडं माझ्याच खिशातून गेलं.