रात्रीच्या सीनमध्ये निळा जपून वापर

समज, रस्त्यावर पिवळ्या दिव्याखाली माणूस उभा आहे. रात्र दाखवायला कलर ग्रेडिंगमध्ये सगळ्या फ्रेमवर निळा ओतला, की चेहरा आजारी दिसतो. आधी नॉइज रिडक्शन कर, मग एक्स्पोजर उतरव. सावल्या उचलून तपशील शोधू नकोस. निळ्या चॅनेलमधला नॉइज तिथेच वळवळतो. पण काळा शून्यावर चिरडूही नकोस, वेव्हफॉर्मच्या तळाशी किंचित जागा राहू दे. निळा फक्त सावल्यांत, तोही थोडा. आकाश जांभळट झालं तर मऊ कडेच्या मास्कने सॅच्युरेशन कमी कर. पट्टे दिसले तर हलका ग्रेन घाल. चेहरा व्हेक्टरस्कोपवर तपास. या प्रकाशात तो त्वचेच्या रेषेवरून पिवळ्याकडे झुकलेलाच खरा वाटतो, ओढून रेषेवर आणू नकोस.