आयइएलटीएस रायटिंग: साडेसहावर का अडकतं?

अरे, लातूरला तू दाखवलेले दोन्ही सराव-पेपर मी रात्री नीट वाचले. टास्क एकला मी साडेसात देईन, टास्क दोनच्या निबंधाला सहा. पण टास्क दोनचं वजन दुप्पट असतं. म्हणजे साडेसात अधिक दोनदा सहा, साडेएकोणीस. भागिले तीन, साडेसहा. हेच गुण उलटे पडले असते, तर सात आले असते.

आता निबंधाला सहाच का? चार निकषांना सारखंच वजन असतं. प्रश्नाला उत्तर ६, सुसंगती ६, शब्दसंपदा ७, व्याकरण ५. बेरीज २४, भागिले चार, सहा. पाठ केलेल्या भारी शब्दांनी तुला सात दिले, पण ते बसवताना वाक्यं मोडली आणि व्याकरणाने ती कमाई खाल्ली. सातसाठी बिनचूक वाक्यं वारंवार दिसावी लागतात. तुझ्या निबंधात १६ पैकी पाचच आहेत. बहुतेक चुका आर्टिकलच्या. मराठीत ते नसतातच, म्हणून आपल्या नजरेला खटकत नाहीत.

सुसंगतीत तू प्रत्येक वाक्याआधी ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोर’ लावतोस. परीक्षक त्याला यांत्रिक जोडणी म्हणतो, आणि ते सहाचंच लक्षण आहे. एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेव, तो उदाहरणापर्यंत ने.

यापुढे निबंधाला चाळीस मिनिटं राखून ठेव. त्यातली शेवटची पाच फक्त आर्टिकल आणि क्रियापदं तपासायला.