‘वर’ आणि ‘बद्दल’ कुठे सोडायचे

तुझ्या प्रबंधात ‘धिस चॅप्टर डिस्कसेस अबाउट ड्रॉट’ आणि ‘द ऑथर एम्फसाइझेस ऑन इरिगेशन’ दिसलं. आपण दुष्काळा‘बद्दल’ चर्चा करतो, सिंचना‘वर’ भर देतो. तेच शेपूट इंग्रजीत आलं. मराठीत ‘चर्चा’, ‘भर’ ही नामं आहेत, म्हणून त्यांना जोड लागते. इंग्रजी क्रियापद थेट कर्म घेतं: ‘डिस्कसेस ड्रॉट’, ‘एम्फसाइझेस इरिगेशन’. नाम वापरलंस तर मात्र जोड परत येते: ‘अ डिस्कशन ऑफ ड्रॉट’, ‘एम्फसिस ऑन इरिगेशन’. ‘फोकस’ हट्टी, क्रियापद असूनही ‘ऑन’ मागतो.

शब्दक्रमाचं एकच: ‘वी आस्क व्हाय डिड द यील्ड फॉल’ नको. वाक्याच्या पोटातल्या प्रश्नात कर्ता आधी: ‘व्हाय द यील्ड फेल’; ‘डिड’ जातं आणि ‘फॉल’चं भूतकाळी ‘फेल’ होतं. मराठीत ‘उत्पादन का घटलं’ सुट्या प्रश्नात आणि वाक्याच्या पोटात, दोन्हीकडे तसंच राहतं, म्हणून चूक कानाला खुपत नाही.