नोटपॅडमधली पटकथा साच्यात बसवताना

नोटपॅडमधली मराठी स्क्रिप्ट पटकथेच्या फॉर्मॅटमध्ये कशी आणू? पात्रांची नावं मधोमध येतच नाहीत.

फाउंटन, म्हणजे साध्या मजकुरात खुणा देऊन पटकथा लिहायच्या पद्धतीने लिहा. तिथे पात्राचं नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांवरून ओळखलं जातं. देवनागरीत कॅपिटल कुठली? म्हणून नावाआधी @ आणि दृश्याच्या ओळीआधी टिंब द्या:

```
.बाह्य. ठाणे स्टेशन - सकाळ

मंदा धावत येते.

@मंदा
(धापा टाकत)
दादा, फास्ट गेली का?
```

नावाच्या वर एक ओळ रिकामी हवी, खाली अजिबात नको. नाहीतर संवाद वर्णन समजून डावीकडे जाऊन चिकटतो. समास फाउंटन वाचणारं सॉफ्टवेअरच लावतं: डावीकडे दीड इंच, संवाद कागदाच्या कडेपासून साधारण अडीच इंचांवर, नाव ३.७ च्या आसपास. पीडीएफमध्ये चौकोन दिसले तर फॉन्ट बदला, कुरिअरमध्ये देवनागरी नसते.